जामीनदाराला कोण जामीन?

याज्ञवल्क्य स्मृतीत जामीनदाराबद्दल एक नियम आहे. जामीनदाराला तिथे प्रतिभू म्हणतात. सावकाराने चारचौघांदेखत प्रतिभूकडून कर्ज वसूल केले, तर ऋणकोने त्याला ती रक्कम दुप्पट करून परत द्यावी, असा तो नियम. त्यातला 'चारचौघांदेखत' हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याचे कर्ज भरणाऱ्याचे पैसे जातातच, शिवाय गावात मानही जातो, आणि त्या दोन्हींची भरपाई कर्जदाराने करायची आहे, ही जाण त्या शब्दामागे आहे.

आजचा कायदा, म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा, दुप्पट देत नाही. कलम १४५ प्रमाणे जामीनदाराने रीतसर जेवढे भरले तेवढेच त्याला कर्जदाराकडून परत मिळते. मूळ विचार मात्र तोच राहिला आहे. कोणी कोणाला जामीन राहिला की कर्जदाराने त्याला एक वचन दिले आहे, असे कायदा गृहीत धरतो: 'माझ्यामुळे तुला भुर्दंड पडला तर तो मी भरून देईन.' हे वचन कोणी लिहीत नाही आणि बोलतही नाही, तरी ते असते. जामिनकीचा सगळा कायदा या न लिहिलेल्या वचनाभोवती उभा आहे आणि ते नजरेसमोर ठेवले तर त्यातली एकही तरतूद पाठ करावी लागत नाही, असे माझे मत आहे. या वचनाचे कायद्यातले नाव क्षतिपूर्ती. म्हणून सुरुवात तिथून करू.

क्षतिपूर्ती आणि हमी यांतला फरक बँकेच्या एकाच टेबलावर पाहता येतो. वडील वारले, खात्यावर नामनिर्देशन नव्हते, मुलगा पैसे मागायला गेला. बँक त्याच्याकडून स्टँपपेपरवर लिहून घेते की उद्या दुसरा वारस उभा राहिला आणि बँकेला त्यामुळे तोशीस लागली, तर ती मी भरून देईन. हा क्षतिपूर्तीचा करार झाला. यात माणसे दोनच आहेत. कोणाचे कर्ज थकलेले नाही. कदाचित कधीच काही घडणार नाही. मुलगा स्वतःच्या शब्दासाठी स्वतः बांधील आहे. पुष्कळदा बँक त्याच कागदाखाली आणखी दोन परिचितांच्या सह्या घेते: मुलाने शब्द पाळला नाही तर आम्ही पाळू. ही हमी. इथे तिसरा माणूस आला, आणि त्याची जबाबदारी दुसऱ्याच्या जबाबदारीवर टेकून उभी राहिली. करार कायद्याच्या कलम १२४ मध्ये पहिला करार आहे, कलम १२६ मध्ये दुसरा.

इंग्लंडच्या न्यायालयांनी हा फरक दुकानाच्या उदाहरणाने समजावला होता. दोघे दुकानात जातात. एक माल घेतो आणि दुसरा दुकानदाराला सांगतो, 'याने पैसे नाही दिले तर मी देईन.' ही हमी. 'याला माल द्या, पैसे माझ्याकडून घ्या' असे तो म्हणाला, तर ते कर्ज त्याचे स्वतःचेच. हे प्रकरण १७०४ सालचे, बर्कमायर विरुद्ध डार्नेल. तिथे याला एवढे महत्त्व आले, कारण १६७७ च्या कायद्याने हमी लेखी असणे सक्तीचे केले होते आणि क्षतिपूर्तीला ती अट नव्हती. आपल्याकडे हमी तोंडी दिली तरी चालते, म्हणून तो वाद आपल्याला तितका छळत नाही. आपल्याला छळणारा फरक वेगळा आहे. क्षतिपूर्ती देणारा पैसे भरतो तेव्हा तो स्वतःचे देणे फेडतो, त्यामुळे त्या करारापुरते तरी मागे वळून कोणाकडे मागायचे उरत नाही. जामीनदार भरतो तेव्हा तो दुसऱ्याचे देणे फेडतो, आणि त्या दुसऱ्याकडे बोट दाखवायचा हक्क त्याच्याजवळ उरतो.

म्हणून हमीचा व्यवहार तीन बाजूंचा आहे. कर्जदार आणि पतसंस्था ही एक बाजू, जामीनदार आणि पतसंस्था ही दुसरी. या दोन्हींवर कागद असतात, शिक्के असतात. तिसरी बाजू कर्जदार आणि जामीनदार यांच्यातली. तिच्यावर बहुधा चहाचा कप सोडून काही नसते, आणि कायदा तीच बाजू क्षतिपूर्तीच्या वचनाने भरून काढतो. हमी आणि क्षतिपूर्ती हे दोन वेगळे करार म्हणून पाठ्यपुस्तकात तक्ता करून दाखवतात. तक्ता चुकीचा नाही, पण प्रत्येक हमीच्या पोटात एक क्षतिपूर्ती असते, हे त्यातून दिसत नाही.

हे वचन कधी जागे होते? जामीनदाराने पैसे भरल्यावर, हे सरळ उत्तर. त्याहून आधी जागे होऊ शकते का, याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचा १९४२ चा एक निकाल आहे, गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री. वादीने मुंबई महापालिकेकडून एका भूखंडाचा भाडेपट्टा मिळवला आणि प्रतिवादीच्या सांगण्यावरून त्याचा लाभ त्याला दिला. प्रतिवादीने बांधकाम काढले, माल पुरवणाऱ्याचे पैसे थकले, आणि त्या थकबाकीपोटी वादीने स्वतःच्या नावावरची ती मालमत्ता गहाण ठेवून दिली. पाच हजारांसाठी एकदा, पुन्हा पाच हजारांसाठी दुसऱ्यांदा. यातून मोकळे करायची जबाबदारी प्रतिवादीने घेतली होती. त्याने ती पाळली नाही तेव्हा वादी न्यायालयात गेला. समोरून उत्तर आले: तुमचे अजून काही गेलेच नाही, मग भरपाई कशाची? न्यायमूर्ती छागलांनी हे मानले नाही. जबाबदारी निश्चितपणे अंगावर आली असेल, तर ज्याने वचन दिले त्याने आधी तिच्यातून सोडवले पाहिजे. आधी स्वतः भरा आणि मग मागा असे म्हटले, तर ज्याच्याजवळ भरायला पैसेच नाहीत त्याला त्या वचनाचा उपयोग काय?

हा निकाल क्षतिपूर्तीच्या करारावरचा आहे, जामिनकीवरचा नाही. पण कर्जदाराचे जामीनदाराला दिलेले न लिहिलेले वचनही क्षतिपूर्तीचेच असेल, तर छागलांचे तर्कशास्त्र तिथे लागू न पडायला मला कारण दिसत नाही. हप्ते थकले, मागणीची नोटीस जामीनदाराच्या हाती पडली आणि कर्जदार आपली जमीन विकायच्या तयारीत आहे असे दिसले, तर हात बांधून बसायची गरज नाही. 'आधी तू भर, मला मोकळा कर' असा दावा लावता येतो आणि विक्रीला मनाई मागता येते. हा मार्ग फारसे कोणी वापरत नाही. भावाविरुद्ध दावा कसा लावायचा, हा प्रश्न जामीनदारांना अडवतो. तो प्रश्न मला समजतो. पण सहा महिन्यांनी जमीन गेलेली असते आणि नातेही राहिलेले नसते, हे मी वकिलीत पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आता पतसंस्थेकडे वळू. जामीनदारांच्या मनात एक समज घट्ट बसलेला असतो: आधी कर्जदाराकडून वसूल करा, टेम्पो ओढून न्या, दुकानाला कुलूप लावा, आणि काहीच उरले नाही तर माझ्याकडे या. कायद्यात असे नाही. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि ती त्याच दिवशी सुरू होते. १९६८ मध्ये बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या प्रकरणात खालच्या न्यायालयाने बँकेवर अट घातली होती की कर्जदाराविरुद्धचे सगळे उपाय संपल्यावरच जामीनदाराकडे जा. सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. तसे असेल तर जामीन घेण्याचा हेतूच मरतो, असे न्यायालयाने म्हटले. ऐकायला हे कठोर वाटते, पण मला ते बरोबर वाटते. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला कर्ज मिळते ते जामीनदाराच्या भरवशावर. ऐन गरजेला तो भरवसा मागे सरकला तर उद्या जामीनदाराच्या सहीवर कोणी रुपया देणार नाही.

पण या कठोरपणाची किंमत कायद्याने पतसंस्थेकडून वसूल केली आहे. जामीनदाराकडे थेट जा, त्याला हरकत नाही; फक्त त्याची मागे वळायची वाट मोडू नका. जामीनदार मुक्त होण्याच्या जवळजवळ सगळ्या तरतुदी या एका अटीतून निघतात. त्या कशा, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण माझे, आकडे सोपे ठेवले आहेत आणि व्याज बाजूला ठेवले आहे.

तालुक्याच्या गावी एक किराणा दुकानदार आहे. माल ने-आण करायला पिकअप टेम्पो घ्यायचा म्हणून त्याने पतसंस्थेकडून ६ लाखांचे कर्ज घेतले. टेम्पो पतसंस्थेला नजरगहाण, आर.सी. बुकावर पतसंस्थेचा बोजा. जामीनदार दोन: त्याचा मावसभाऊ, जो शाळेत शिक्षक आहे, आणि बाजारातला एक पिठाच्या गिरणीवाला. दोन वर्षे हप्ते नीट आले. मग दुकान बसले. त्या वेळी बाकी होती ४ लाख.

पहिली शक्यता. वसुली अधिकारी ओळखीचा आहे. तो वर्षभर तगादा लावत नाही, नोटीसही काढत नाही. वर्षाने अचानक शिक्षकाच्या हाती कागद पडतो. शिक्षक म्हणतो, तुम्ही झोपलात, आता मी का भरू? हा बचाव टिकत नाही. कलम १३७ सांगते की नुसते गप्प बसण्याने जामीनदार सुटत नाही. त्या वर्षात शिक्षकाला कोणी बांधून ठेवले नव्हते. तो स्वतः बाकी भरून कर्जदारामागे लागू शकत होता. त्याची वाट मोकळी होती, त्याने ती धरली नाही.

दुसरी शक्यता दिसायला पहिलीसारखीच आहे आणि निकाल उलटा आहे. दुकानदाराने अर्ज केला, संचालक मंडळाने ठराव केला, दुकानदाराने दीड टक्का जादा व्याज मान्य केले आणि त्या बदल्यात १८ महिन्यांची मुदतवाढ लेखी करारावर दिली गेली. शिक्षक किंवा गिरणीवाला यांना कोणी विचारले नाही. कलम १३५ प्रमाणे दोघेही मुक्त. वेळ दोन्हीकडे गेला, मग फरक कुठे पडला? मुदतवाढीच्या करारामुळे पतसंस्थेने आपला हात बांधून घेतला. शिक्षकाने उद्या बाकी भरली आणि तो पतसंस्थेच्या जागी उभा राहिला, तर तोही त्याच करारात अडकतो. दुकानदार त्याला १८ महिने थांब म्हणू शकतो, आणि तोवर दुकानाच्या फळ्याही विकून होतील. एकरकमी परतफेडीचेही तसेच. ४ लाखांचे ३ लाखांवर कर्जदाराशी मिटवले आणि जामीनदाराची संमती घेतली नाही, तर राहिलेला लाख जामीनदाराकडून मागता येत नाही.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. कर्जदाराची सुटका पतसंस्थेच्या कृतीने न होता कायद्याच्या प्रक्रियेने झाली, तर जामीनदार सुटत नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली, मंजूर आराखड्याप्रमाणे तिचे कर्ज कमी झाले, तरी हमी देणारे संचालक बांधील राहतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ललितकुमार जैन प्रकरणात स्पष्ट केले. तर्क तोच आहे: धनकोने आपणहून काही सोडलेले नाही.

तिसरी शक्यता ग्रामीण महाराष्ट्राला तोंडपाठ आहे: नवे-जुने. थकबाकी दिसू नये म्हणून मार्च महिन्यात नवे कर्ज मंजूर करायचे, त्यातून जुने खाते बंद करायचे आणि कागदोपत्री सगळे सुरळीत दाखवायचे. आपल्या दुकानदाराला असे ५ लाखांचे नवे कर्ज दिले, ४ लाख जुन्या खात्यात वळवले आणि १ लाख त्याच्या हाती ठेवले. जुने कर्ज फिटले. ते फिटले म्हणजे त्याची हमीही संपली. नव्या कर्जाला नव्या सह्या हव्यात. पुष्कळ वेळा त्या नसतात, किंवा जुन्याच कागदाची छायाप्रत नव्या फायलीत लावलेली असते. हे ओळखायचे कसे? नोटिशीतला कर्ज खाते क्रमांक आणि आपण सही केलेल्या हमीपत्रातला क्रमांक ताडून पाहावा. मग खातेउतारा मागावा आणि त्यात 'वर्ग' अशी मोठी जमा एखाद्या मार्चमध्ये दिसते का ते बघावे. अशी प्रकरणे मी पाहिली आहेत, आणि त्यांत पहिल्या भेटीला जामीनदाराच्या हातात नोटीस सोडून काहीच नव्हते.

चौथी शक्यता मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दुकानदाराने टेम्पो विकायचे ठरवले. 'विकून पैसे आणून भरतो' असे त्याने सांगितले, आणि व्यवस्थापकाने विश्वासावर बोजा उतरवण्याचे ना-हरकत पत्र दिले. टेम्पो गेला, पैसे आले नाहीत. त्या दिवशी टेम्पोची किंमत होती अडीच लाख. कलम १४१ प्रमाणे जामीनदार त्या किमतीपुरते सुटतात. ४ लाखांतून अडीच लाख गेले. दोघांवर उरले दीड लाख. कायद्याने स्वतःच असे उदाहरण दिले आहे: २००० रुपयांच्या कर्जाला जामीन आहे आणि धनकोजवळ ऋणकोच्या फर्निचरचे गहाणही आहे. धनकोने ते गहाण सोडून दिले, ऋणको बुडाला, तर फर्निचरच्या किमतीएवढा जामीनदार सुटला. कारण कर्ज भरणाऱ्या जामीनदाराला धनकोजवळची तारणे मिळायची असतात. ती त्याच्यासाठीही राखलेली आहेत. हमी देताना त्याला त्या तारणाची माहिती होती की नव्हती, यालाही कायदा महत्त्व देत नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे १९६० च्या दशकात मध्य प्रदेश सरकार विरुद्ध काळूराम हे प्रकरण आले. जंगलातल्या तोडलेल्या लाकडाचा लिलाव होता. हप्ता भरल्याशिवाय लाकूड हलवू द्यायचे नाही अशी अट होती. अधिकाऱ्यांनी पैसे न घेता लाकूड जाऊ दिले. मग सरकार जामीनदाराकडे आले. न्यायालयाने त्याला मुक्त केले: ते लाकूड हेच तारण होते आणि सरकारने ते हातचे घालवले.

समजा, पतसंस्थेने ना-हरकत दिलेच नव्हते, पण आर.सी. बुकावर बोजा चढवायचाच राहिला होता आणि दुकानदाराने टेम्पो बिनबोभाट विकला. इथे पतसंस्थेने काही केले नाही. करायचे ते केले नाही. यासाठी कलम १३९ आहे. जामीनदाराच्या हितासाठी जे करणे धनकोचे कर्तव्य होते ते न केल्यामुळे जामीनदाराचा पुढचा उपाय लंगडा झाला, तर तो मुक्त होतो. ज्या साली आपला करार कायदा झाला त्याच १८७२ साली इंग्लंडमध्ये वुल्फ विरुद्ध जे या खटल्यात सावकाराने गहाणाची नोंदणी केली नव्हती म्हणून जामीनदार त्या तारणाच्या किमतीपुरता सुटला होता. ही चूक सिद्ध करायला अवघड नाही. आर.टी.ओ.च्या नोंदीत त्या तारखेला बोजा होता की नव्हता, एवढेच पाहायचे असते.

समजा, आपल्या दोघा जामीनदारांवर दीड लाख उरले. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते. तो कर्जदार आणि जामीनदार सगळ्यांविरुद्ध एकत्र असतो, आणि वसुली सोपी जिथे आहे तिथूनच सुरू होते. शिक्षकाच्या पगारातून दरमहा १० हजार कापले जाऊ लागले. १५ महिन्यांत दीड लाख फिटले. गिरणीवाल्याने रुपयाही दिला नाही.

आता शिक्षकाचे हक्क मोजू. दुकानदाराकडून त्याला पूर्ण दीड लाख मागता येतात. मुदत तीन वर्षे, आणि प्रत्येक कपातीची मुदत त्या त्या तारखेपासून मोजायची, म्हणून पगाराच्या पावत्या जपून ठेवायच्या. गिरणीवाल्याकडून त्याला निम्मे, म्हणजे ७५ हजार मागता येतात, कारण कलम १४६ प्रमाणे सहजामीनदारांनी भार सारखा वाटून घ्यायचा असतो. पण गिरणीवाल्याविरुद्धचा हक्क पहिल्या हप्त्यापासून सुरू होत नाही. आपल्या वाट्याचे ७५ हजार ओलांडले की तो जन्मतो, म्हणजे आठव्या कपातीला. पतसंस्थेने मधेच गिरणीवाल्याचे नाव काढून टाकले असते, तरी त्यामुळे शिक्षक सुटला नसता आणि गिरणीवालाही शिक्षकापासून सुटला नसता. कलम १३८ तसे म्हणते. आणि आपल्यावरचे सगळे भरून झाल्यावर कलम १४० प्रमाणे शिक्षक पतसंस्थेच्या जागी येतो. पतसंस्थेजवळ दुकानगाळ्याचे गहाणही असते, तर त्याचे कागद दुकानदाराला परत न जाता शिक्षकाच्या हाती यायला हवेत. पगारकपातीने भरणाऱ्या जामीनदारांना मी एकच गोष्ट आवर्जून करायला सांगतो. पतसंस्थेकडून पत्र घ्या, की ही रक्कम अमुक माणसाने जामीनदार या नात्याने भरली. नाहीतर खातेउताऱ्यावर नुसती जमा दिसते, आणि कर्जदार पुढे खुशाल म्हणतो की ती मीच केली होती.

इथवर वाचून कायदा समतोल आहे असे वाटेल, आणि १८७२ चा कायदा तसा आहेही. पण शिक्षकाने ज्या छापील हमीपत्रावर सही केली ते वाचले तर चित्र पालटते. त्यात बहुधा अशी वाक्ये असतात: पतसंस्थेने कर्जदाराला मुदत दिली, अटी बदलल्या, तारण सोडले वा घालवले, तरी माझी जबाबदारी कायम राहील, करार कायद्यातील कलम १३३, १३४, १३५, १३९ आणि १४१ खालचे माझे सर्व हक्क मी सोडत आहे. वर सांगितलेली दुसरी आणि चौथी शक्यता एका परिच्छेदात पुसली गेली. न्यायालयांनी अशी कलमे बहुतांशी मान्य केली आहेत. २००८ मध्ये सीताराम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नोटीस देऊन हमी मागे घेण्याचा कलम १३० चा हक्क जामीनदाराने करारातच सोडला होता, आता त्याला तो सांगता येणार नाही.

माझा आक्षेप इथे आहे, आणि तो कायद्याच्या शब्दांवर टेकलेला आहे. करार कायद्याचे हे प्रकरण नीट वाचले तर दिसते की जिथे पक्षकारांना वेगळे ठरवायची मुभा द्यायची होती तिथे विधिमंडळाने तसे लिहिले आहे. कलम १२८ मध्ये 'करारात अन्यथा नसेल तर' असे आहे. १३३ आणि १४१ मध्ये 'जामीनदाराच्या संमतीशिवाय' हे शब्द आहेत, १३५ मध्येही संमतीचा अपवाद आहे. म्हणजे संमती आगाऊ दिली असे म्हणायला निदान जागा आहे. १३९ मध्ये यातले काहीच नाही. तिथे धनकोच्या कर्तव्याची गोष्ट आहे. माणूस बदलाला आगाऊ संमती देऊ शकतो, कारण बदल म्हणजे काय याची त्याला थोडीफार कल्पना असते. पण 'तुम्ही बोजा चढवायला विसरलात, टेम्पो तुमच्या हलगर्जीने गेला, तरी मी भरेन' ही संमती नव्हे. ते दुसऱ्याच्या निष्काळजीपणाचे ओझे आंधळेपणाने उचलणे आहे. न्यायालयांनी निदान १३९ पुरते तरी हे सोडचिठ्ठीचे कलम अगदी चिंचोळे वाचावे, असे मला वाटते.

यावर पतसंस्थांचे म्हणणे मी ऐकले आहे आणि ते पोकळ नाही. प्रत्येक मुदतवाढीला दोन जामीनदारांच्या सह्या गोळा करत बसलो तर बुडणाऱ्या कर्जदाराला सावरायची वेळ निघून जाईल. आणि जामीनदार दर वेळी पळवाट काढू लागले तर तारण नसलेल्या माणसाला कर्ज मिळणार नाही. मुदतवाढीबाबत हे मला मान्य आहे, तिथे आगाऊ संमती राहू द्यावी. तारणाबाबत मात्र हा युक्तिवाद लागू पडत नाही. ना-हरकत देण्याआधी दोन जामीनदारांना पत्र पाठवून आठ दिवस थांबायला काय लागते? बोजा नोंदवायला तर जामीनदाराला विचारायचीही गरज नसते. शिवाय कंपनीच्या कर्जाला हमी देणारा संचालक आणि मावसभावासाठी सही करणारा शिक्षक यांना एकच छापील मसुदा लावणे अन्यायाचे आहे. संचालकाला कर्जाचा फायदा मिळतो, हिशेब रोज दिसतो, तारण त्याच्याच ताब्यात असते. शिक्षकाला यातले काहीच मिळत नाही. कर्जाचा एक पैसा त्याच्या घरात आलेला नसतो.

शिक्षकाने वसुली दाखल्याच्या चौकशीत टेम्पोचा मुद्दा मांडला असता तर? ती चौकशी थोडक्यात होते. थकबाकी आहे की नाही, एवढ्याकडेच तिचे लक्ष असते. दाखल्याविरुद्ध फेरतपासणीला जायचे तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून मुद्दा पहिल्याच तारखेला, लेखी आणि कागदांसकट मांडावा लागतो: आर.सी.ची नोंद, ना-हरकत पत्राची प्रत, त्या तारखेच्या किमतीचा पुरावा. आणि हमीपत्राची पूर्ण प्रत, पाठपोट. सही करतानाच ती मागून घ्यायची असते. त्या दिवशी काउंटरवर मागे दहा माणसे उभी असतात, मावसभाऊ शेजारी अवघडून उभा असतो, आणि प्रत मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे वाटते. तरीही मागावी. त्याच दिवशी मावसभावाकडून एका साध्या कागदावर लिहूनही घ्यावे, की तुला माझ्यापायी जे भरावे लागेल ते मी देईन आणि हप्ता थकला तर तुला आठ दिवसांत कळवीन. पहिला भाग कायदा गृहीत धरतोच. दुसरा कायद्यात कुठेच नाही, आणि टेम्पो विकला जाण्याआधी शिक्षकाला काही कळायचे असेल तर त्याला तोच उपयोगी पडेल.